पाइपाचा व्यास आणि तीस वर्षांचं वीजबिल

पाणीपुरवठा योजनेच्या अंदाजपत्रकात ऊर्ध्ववाहिनीची ओळ ठळक दिसते. अमुक व्यासाची डीआय वाहिनी, इतके मीटर, दर इतका, रक्कम इतकी. योजनेतली ही बहुतेक वेळा सर्वांत मोठी रक्कम असते, त्यामुळे काटछाट करायची वेळ आली की सगळ्यांची नजर आधी तिच्यावर जाते. व्यास एका पायरीनं कमी केला की तीस-चाळीस लाख वाचतात आणि योजना मंजुरीच्या मर्यादेत बसते. त्या बारीक झालेल्या पाइपातून पाणी ढकलायला पुढची तीस वर्षं किती जास्त वीज लागेल, याची ओळ मात्र त्या पानावर नसते. अंदाजपत्रक भांडवली खर्चाचं, आणि वीजबिल हा देखभाल-दुरुस्तीचा विषय. दोन्ही हिशेब वेगवेगळ्या फायलींत राहतात आणि त्यांची भेट होत नाही.

पाण्याच्या योजनांत आपलं खरं नुकसान इथे होतं, असं माझं मत आहे. अभियंत्यांना हे ठाऊक नाही असं नाही. केंद्र शासनाच्या सीपीएचईईओ मॅन्युअलमध्ये ऊर्ध्ववाहिनीचा किफायतशीर व्यास काढायची पद्धत दिलेली आहे, आणि ती अवघडही नाही. दहावीपर्यंतचं गणित आलेल्या कुणालाही ती समजू शकते. पाणीपुरवठा समितीच्या सदस्यांना तर ती समजायलाच हवी, कारण शेवटी बिल त्यांनाच भरायचं असतं. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन ते शेवटापर्यंत नेऊ.

पाच-सहा गावांची मिळून एक प्रादेशिक योजना आहे असं धरा. लोकसंख्या २५ हजार. माणशी रोज ५५ लिटर या जलजीवन मिशनच्या मापानं पावणेचौदा लाख लिटर पाणी लागतं. गळती आणि इतर घट धरली की रोज १६ लाख लिटर उपसावं लागेल. नदीकाठी जॅकवेल आणि पंपगृह आहे, तिथून ६ किलोमीटरवर टेकडीवर टाकी. पंपापासून टाकीच्या तोंडापर्यंतची उभी चढण ६० मीटर. पंप दिवसाला १६ तास चालवायचा, म्हणजे तासाला एक लाख लिटर. प्रश्न एवढाच आहे की मधल्या ६ किलोमीटरमध्ये पाइप कितीचा टाकायचा: १५०, २००, २५० की ३०० मिलिमीटरचा?

पंपाला दोन कामं करावी लागतात. पाणी ६० मीटर वर चढवायचं, आणि पाइपाच्या भिंतींशी होणाऱ्या घर्षणावर मात करत ते पुढे ढकलायचं. पहिलं काम पाइप कसाही असला तरी तेवढंच राहतं. गाव आणि नदी जिथे आहेत तिथे आहेत, ती चढण कुणालाही कमी करता येत नाही. दुसरं काम मात्र सर्वस्वी व्यासावर अवलंबून असतं. अभियंते दोन्ही कामं मीटरमध्येच मोजतात. पंपाच्या दृष्टीनं १० मीटरचं घर्षण म्हणजे टाकी आणखी १० मीटर उंच टेकडीवर असल्यासारखंच. या दोन्हींच्या बेरजेला हेड म्हणतात.

आता एक मीटर हेडची किंमत काढून ठेवू, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. पंप आणि मोटर यांची मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर तासाला एक लाख लिटर पाणी एक मीटर वर चढवायला ०.४२ किलोवॉट लागतात. दिवसाला १६ तासांप्रमाणे वर्षाचे ५,८४० तास होतात. म्हणजे दर मीटरमागे वर्षाला साधारण २,४५० युनिट. युनिटला ८ रुपये दर धरला तर वर्षाला १९,६०० रुपये. आठ रुपये हा मी हिशेबासाठी धरलेला दर आहे. महावितरणच्या दरपत्रकात सार्वजनिक पाणीपुरवठ्याचा वर्ग वेगळा असतो आणि वीज नियामक आयोगाच्या आदेशांनुसार दर बदलत राहतात, तेव्हा आपल्या योजनेसाठी आपल्याच बिलावरचा दर घ्यावा. तर या योजनेत हेड एका मीटरनं वाढलं की वर्षाला १९,६०० रुपये गेले. ६० मीटरच्या चढणीचे पावणेबारा लाख रुपये वर्षाला जाणारच आहेत, तिथे घासाघीस नाही. सगळा वाद त्यावरच्या मीटरांचा आहे.

घर्षण काढायला पाणीपुरवठ्यात हेझन-विल्यम्सचं सूत्र वापरतात. ॲलन हेझन आणि गार्डनर विल्यम्स या अमेरिकन अभियंत्यांनी १९०५ साली त्याचे तक्ते छापले, आणि अजूनही पाणीपुरवठ्याचं बरंचसं काम त्यावरच चालतं. या सूत्रातली एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे: पाणी तेवढंच असेल तर घर्षण व्यासाच्या ४.८७ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. व्यास दुप्पट केला की घर्षण निम्मं किंवा चौथा हिस्सा होत नाही, ते जवळजवळ एकोणतिसाव्या हिश्श्यावर येतं. पाइपाची किंमत मात्र व्यासाबरोबर इतक्या झपाट्यानं वाढत नाही. या दोन वेगांमधल्या तफावतीत आपला सगळा हिशेब दडलेला आहे.

आतून सिमेंटचं अस्तर असलेल्या डीआय पाइपासाठी सूत्रातला गुळगुळीतपणाचा आकडा १४० धरून आपल्या ६ किलोमीटरचं घर्षण काढलं तर असं दिसतं. १५० मिलिमीटरच्या पाइपात ९२ मीटर. २०० मध्ये २२.६ मीटर. २५० मध्ये ७.६ मीटर. ३०० मध्ये ३.१ मीटर. पहिला आकडा पुन्हा पाहा. टेकडी ६० मीटरची आहे आणि पाइपाचं घर्षण ९२ मीटरचं. म्हणजे पंप टेकडी चढण्यापेक्षा पाइपाशी झगडण्यात जास्त वीज घालवतो आहे.

रुपयांत सांगायचं तर फक्त घर्षणापोटी वर्षाला १५० च्या पाइपात १७.९५ लाख, २०० मध्ये ४.४२ लाख, २५० मध्ये १.४९ लाख आणि ३०० मध्ये जेमतेम ६१ हजार रुपये जातात. पाइपाच्या दरासाठी खोदाई, जोडणी आणि चर बुजवण्यासह मीटरला अनुक्रमे १,९००, २,६००, ३,५०० आणि ४,५०० रुपये धरू. हेही हिशेबासाठी धरलेले दर आहेत, जिल्ह्याजिल्ह्यात आणि मुरूम की खडक यावर ते बदलतील. या दरांनी ६ किलोमीटरची वाहिनी १ कोटी १४ लाख, १ कोटी ५६ लाख, २ कोटी १० लाख आणि २ कोटी ७० लाखांना पडते.

आता एकेक पायरी चढू. १५० वरून २०० वर जायला ४२ लाख जास्त लागतात आणि वर्षाला साडेतेरा लाख वाचतात. तीन वर्षांत पैसे वसूल, पुढची सत्तावीस वर्षं निव्वळ बचत. इथे विचार करण्यासारखं काही उरत नाही. २५० वरून ३०० वर जायला ६० लाख लागतात आणि वर्षाला वाचतात ८८ हजार. ते वसूल व्हायला अडुसष्ट वर्षं लागतील, म्हणजे हा पर्यायही बाद. खरा प्रश्न मधल्या पायरीचा आहे. २०० वरून २५० वर जायला ५४ लाख जास्त, आणि बचत वर्षाला २.९३ लाख. भागाकार केला तर १८.४ वर्षं. वाहिनीचं आयुष्य तीस वर्षं धरतात, म्हणजे वरवर पाहता २५० चा पाइप परवडतो.

पण आज खर्चलेला रुपया आणि वीस वर्षांनी वाचणारा रुपया सारखे नसतात. ८ टक्के व्याजानं पाहिलं तर तीस वर्षांनी द्यायच्या शंभर रुपयांसाठी आज फक्त दहा रुपये बाजूला ठेवले तरी पुरतात. म्हणून दर वर्षीच्या बिलाची आजची किंमत काढायची आणि मग तीस वर्षांची बेरीज करायची. वर्षाला एक रुपया, तीस वर्षं, व्याज ८ टक्के, तर त्याची आजची किंमत ११.२६ रुपये होते. म्हणजे वर्षाच्या वीजखर्चाला ११.२६ नं गुणलं की तीस वर्षांच्या बिलांची आजची रक्कम हाती येते. त्यात पाइपाची किंमत मिळवली की झाला त्या पर्यायाचा आयुष्यभराचा खर्च.

तसं केलं तर १५० चा पाइप, जो अंदाजपत्रकात सगळ्यांत स्वस्त दिसत होता, तो ३ कोटी १६ लाखांना पडतो. २०० चा २ कोटी ६ लाखांना, २५० चा २ कोटी २७ लाखांना, ३०० चा २ कोटी ७७ लाखांना. चढणीचा खर्च चारही पर्यायांत सारखाच असल्यानं तो यात धरलेला नाही. उत्तर २०० आलं. सर्वांत स्वस्त पाइप सर्वांत महाग ठरला, आणि त्याहून एक पायरी मोठा पाइप त्याच्यापेक्षा १ कोटी १० लाखांनी स्वस्त.

वीजदर तीस वर्षं आठच रुपये राहतील हे कुणालाच पटणार नाही. दर वर्षाला ३ टक्क्यांनी वाढले असं धरलं तर ११.२६ च्या जागी साधारण १५.२ येतात, आणि ५ टक्क्यांनी वाढले तर १९. मघाचा १८.४ हा आकडा इथे कामाला येतो. गुणक १८.४ च्या खाली असेल तर २०० योग्य, वर गेला तर २५०. म्हणजे दरवाढ ३ टक्के धरणारा अभियंता २०० म्हणेल, ५ टक्के धरणारा २५० म्हणेल, आणि दोघांचंही गणित बरोबर असेल. अशा ठिकाणी तडजोड भविष्याच्या अंदाजांवर ठरते, म्हणून अहवालात व्याजदर आणि दरवाढ किती धरली ते स्पष्ट लिहिलेलं असावं. १५० ची गोष्ट वेगळी. कुठलाही समंजस दर घेतला तरी तो पाइप निवडता येत नाही.

अनुभवी माणसं एक झटपट तपासणी करतात, ती इथे सांगून ठेवतो. किफायतशीर व्यासाच्या आसपास घर्षणाच्या वीजखर्चाची आजची किंमत ही पाइपाच्या किमतीच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा असते. ही काही अंधश्रद्धा नाही. घर्षण व्यासाच्या ४.८७ व्या घातानं घटतं आणि पाइपाची किंमत साधारण सव्वाव्या ते दीडाव्या घातानं वाढते, त्या दोन घातांच्या गुणोत्तरातून हे प्रमाण निघतं. आपल्या २०० च्या पाइपात ५० लाखांना १ कोटी ५६ लाख, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. १५० मध्ये वीजखर्च पाइपाच्या पावणेदोन पट आहे, म्हणजे पाइप फारच बारीक. २५० मध्ये तो जेमतेम आठ टक्के भरतो, म्हणजे आजच्या दरात पाइप थोडा ढिला.

या सगळ्या हिशेबाखाली एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती म्हणजे दिवसाचे १६ तास. ग्रामीण फीडरवर ते दर वेळी मिळत नाहीत. समजा वीज आठच तास भरवशाची मिळते. पाणी रोज १६ लाख लिटरच लागणार, म्हणजे तासाला दोन लाख लिटर ढकलावे लागतील. प्रवाह दुप्पट झाला की घर्षण ३.६ पट होतं. २०० च्या पाइपात २२.६ मीटरच्या जागी ८१ मीटर. चढवलेलं पाणी तेवढंच, पण घर्षणाचं वर्षाचं बिल ४.४२ लाखांवरून १६ लाखांवर जातं. मग २५० चा पाइप घेतल्यानं वर्षाला साडेदहा लाख वाचतात आणि ५४ लाख पाच वर्षांत फिटतात. उत्तर बदललं. उलट बाजूनं पाहिलं तर पंपगृहासाठी एक्स्प्रेस फीडर घेऊन तास १६ केले, तर तोच फायदा पाइप न बदलता मिळतो. म्हणून पाइपाचा व्यास ठरवण्याआधी त्या उपकेंद्रातून प्रत्यक्ष किती तास वीज येते हे विचारायला हवं. अनेक अहवालांत १६ किंवा २० तास हे सवयीनं लिहिले जातात आणि योजना चालू झाल्यावर सगळं गणित उलटतं.

दुसरं असं की १६ लाख लिटर ही गरज पुढच्या लोकसंख्येची आहे. पहिल्या काही वर्षांत पंप दहाच तास चालला तर युनिटही त्याच प्रमाणात कमी लागतात, आणि मोठ्या पाइपाची बचत तेवढी उशिरा सुरू होते. म्हणून पाइप तीस वर्षांच्या गरजेचा आणि पंप पंधरा वर्षांच्या गरजेचे घेतात. पंपाचं आयुष्यही साधारण तेवढंच असतं. सविस्तर हिशेबात पंधराव्या वर्षी बदलायच्या पंपांची किंमतही आजच्या रुपयांत धरतात.

बारीक पाइपाचा आणखी एक तोटा वीजबिलात दिसत नाही. १५० च्या पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला १.५७ मीटर होतो, २०० मध्ये ०.८८. वीज अचानक गेली की ६ किलोमीटर लांबीचा पाण्याचा स्तंभ एकदम थांबतो आणि दाबाची लाट उठते. धातूच्या पाइपात दर सेकंदाला एक मीटर वेगामागे ही लाट शंभर मीटर हेडच्या पुढे जाऊ शकते. जिथे दिवसातून चार वेळा वीज जाते तिथे १५० च्या वाहिनीचे सांधे आणि व्हॉल्व्ह हे धक्के रोज खातात. फार मोठा पाइपही निर्दोष नसतो. नदीचं गढूळ कच्चं पाणी सेकंदाला ०.६ मीटरपेक्षा सावकाश वाहिलं तर गाळ तळाशी बसू लागतो, आणि आपल्या २५० च्या पाइपात वेग ०.५७ आहे. शुद्धीकरणानंतरच्या पाण्याला ही अडचण नाही.

आता पंपाकडे येऊ, कारण मोठ्या पाइपाची चर्चा करताना पंप विसरला जातो. वर पंप-मोटरची मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली होती. २०० च्या पाइपासह एकूण हेड ८२.६ मीटर, म्हणजे वर्षाचं बिल सुमारे १६.२ लाख. निविदेत सर्वांत कमी किमतीचा पंप घेतला, किंवा जुना पंप झिजला आणि कार्यक्षमता ५५ वर आली, तर बिल १९.१ लाख होतं. वर्षाला २.९ लाखांचा फरक. २०० वरून २५० वर जाऊन ५४ लाख खर्चून जेवढी बचत होणार होती, बरोबर तेवढा. घर्षण कमी केल्याचा फायदा फक्त घर्षणाच्या मीटरांवर मिळतो, पण पंप चांगला घेतल्याचा फायदा ६० मीटरच्या चढणीवरही मिळतो. या योजनेत माझा सल्ला विचारला तर २०० चा पाइप, वाचलेल्या पैशांतून काही लाख चांगल्या पंपावर, आणि निविदेत कार्यक्षमतेची हमी व पंपाची चाचणी या अटी.

प्रत्यक्ष कामावर हिशेब कसा बिघडतो, याची दोन उदाहरणं वारंवार दिसतात. पहिलं पाइपाच्या मापाचं. डीआय पाइपाचा २०० हा आकडा साधारण आतल्या व्यासाचा असतो. एचडीपीई पाइपाचा २०० हा बाहेरचा व्यास. पीएन १० वर्गाच्या २०० मिलिमीटर एचडीपीई पाइपाची भिंत जवळपास १२ मिलिमीटरची असते, म्हणजे आतून पाण्याला फक्त १७६ मिलिमीटर मिळतात. डीआय महाग पडतो म्हणून "२०० च्या जागी २०० च" असं म्हणत एचडीपीई टाकला, तर घर्षण २२.६ वरून ३९ मीटरच्या घरात जातं. एचडीपीई आतून थोडा जास्त गुळगुळीत असतो हे धरूनही. वर्षाला सव्वातीन लाख रुपये जास्त, कागदावर मात्र व्यास तोच. शिवाय एकूण हेड शंभर मीटरच्या काठावर गेल्यानं पीएन १० चा पाइप दाबालाच पुरा पडणार नाही, आणि वरच्या वर्गाचा घ्यावा तर त्याची भिंत आणखी जाड, म्हणजे आतली जागा आणखी कमी. एचडीपीई वाईट नाही, पण तुलना आतल्या व्यासांची करायला हवी.

दुसरं उदाहरण पंप आणि पाइप यांच्या बेबनावाचं. पाइप २०० चा टाकला, पण पंप घेताना "सुरक्षेसाठी थोडं जास्त असू द्या" म्हणून हेड ११० मीटर सांगितलं. वाहिनीला लागतात ८२. जादा ताकदीचा पंप जास्त पाणी ढकलू लागतो, मोटर ठरल्यापेक्षा जास्त अँपिअर ओढते, तापते, ट्रिप होते. मग पंपचालक डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्धा बंद करतो आणि सगळं सुरळीत दिसू लागतं. त्या अर्धवट मिटलेल्या व्हॉल्व्हमध्ये २५-३० मीटर हेड जळत राहतं. मोठा पाइप टाकून वाचवलेलं सगळं घर्षण तिथे परत आलेलं असतं, सहा किलोमीटरभर पसरलेलं नव्हे, तर एका व्हॉल्व्हच्या तोंडाशी एकवटलेलं. पंपगृहात गेलात तर व्हॉल्व्हचं चाक किती आटे उघडं आहे हे आधी पाहा. रोज ते अर्धंच उघडावं लागत असेल, तर पंप चुकीचा आहे. अशा वेळी इम्पेलर कातून लहान करून घेणं हा स्वस्त उपाय असतो.

वाहिनीची प्रकृती कळायला फार साधनं लागत नाहीत. डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढे, वाहिनीवर बसवलेला चांगला प्रेशर गेज पुरतो. त्याच्या तबकडीवर चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅम असे आकडे असतात, एक म्हणजे साधारण १० मीटर. पंप बंद असताना, वाहिनी भरलेली असेल तर, काटा ६ वर थांबतो. ती टेकडीची उंची. पंप सुरू केला की काटा उसळतो, थरथरतो आणि काही मिनिटांत ८.२ किंवा ८.३ वर स्थिर होतो. दोन्हींतला फरक सव्वादोनच्या आसपास, म्हणजे २२-२३ मीटर. हेच ते सूत्रातून काढलेलं घर्षण, डोळ्यांसमोर. नवी वाहिनी सुरू केली त्या दिवशीचे हे दोन आकडे आणि प्रवाहमापकाचा आकडा पंपगृहाच्या भिंतीवर रंगानं लिहून ठेवावेत.

पुढच्या वर्षांत बदल झाला की या आकड्यांवरून कारण शोधता येतं. चालू पंपाचा दाब वाढला आणि पाणी कमी झालं, तर वाहिनीत कुठेतरी अडथळा आहे. मधला एखादा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नसतो, किंवा चढाच्या माथ्यावरचा एअर व्हॉल्व्ह अडकून तिथे हवा साठलेली असते आणि पाणी तिच्याखालून उरलेल्या फटीतून जात असतं. एअर व्हॉल्व्ह चोरीला गेला म्हणून तिथे प्लग मारून टाकण्याचा प्रकार तर सर्रास आढळतो. दाब आणि पाणी दोन्ही कमी झाले, तर इम्पेलर झिजलेला असण्याचा संभव मोठा. पंपगृहातला प्रवाहमापक भरपूर पाणी दाखवतो, दाब उतरला आहे आणि टाकी मात्र भरत नाही, तर वाहिनी कुठेतरी फुटली आहे. प्रवाहमापक आणि वीज मीटर यांचे रोजचे आकडे एकाच वहीत असतील, तर हजार लिटरमागे किती युनिट लागले हेही निघतं. आपल्या योजनेत ते ०.३५ युनिट असायला हवं. ०.४५ झालं म्हणजे बिलाचा चौथा हिस्सा वाया जातो आहे.

हे सगळं कुणी पाहायचं, हा पैशाच्या वाटपाचा प्रश्न आहे. जलजीवन मिशनमध्ये भांडवली खर्च केंद्र आणि राज्य शासनाचा, गावाचा लोकवाटा थोडा. चालवणं आणि वीजबिल भरणं मात्र ग्रामपंचायतीकडं. प्रादेशिक योजनांत जिल्हा परिषद किंवा गावांची संयुक्त समिती असते, पण तिथेही बिल शेवटी पाणीपट्टीतूनच भरायचं असतं. पाइप निवडणारा आणि बिल भरणारा वेगळा असला की निवड पाइपाच्या किमतीवर होते. आपल्या उदाहरणात घरं पाच हजार धरली, तर २०० च्या पाइपानं या वाहिनीचं वीजबिल घरटी वर्षाला सव्वातीनशे रुपये येतं आणि १५० च्या पाइपानं सहाशेच्या जवळ. पाणीपट्टीची वसुली आधीच अपुरी असते, त्यात हा फरक कुठून भरणार? बिल थकतं, वीज तोडली जाते आणि चांगली उभी राहिलेली योजना बंद पडते. लोक म्हणतात गावानं पाणीपट्टी भरली नाही. निम्म्या वेळा त्या थकबाकीची सुरुवात व्यास ठरवताना झालेली असते.

प्रत्येक ठिकाणी मोठा पाइप हे उत्तर नाही, हेही तितकंच खरं. कृष्णाकाठच्या टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांत पाणी टप्प्याटप्प्यानं प्रचंड उंचीवर चढवावं लागतं, आणि वीजबिलाचा मोठा हिस्सा त्या उभ्या चढणीचाच असतो. तिथे व्यास वाढवून बिल फारसं हलणार नाही, पंपांची कार्यक्षमता आणि वीज कुठून, कोणत्या दरानं घेता यावरच ते हलेल. सपाट मुलखातल्या लांब वाहिनीचं उलट असतं. टेकडी १० मीटरची आणि वाहिनी १५ किलोमीटरची असेल, तर बिल जवळजवळ सगळं घर्षणाचंच येतं आणि व्यासातली प्रत्येक पायरी महत्त्वाची ठरते.

ग्रामसभेत योजनेचा आराखडा मंजुरीला येतो तेव्हा दोन-तीन व्यासांची तुलना करणारा तक्ता त्यात आहे का हे विचारावं. पाइपाची किंमत, आतला व्यास, घर्षण, पंपाचं हेड, वर्षाचे युनिट आणि तीस वर्षांची आजची किंमत, एवढे रकाने पुरतात. पंपाचे तास कोणत्या आधारानं धरले, वीजदर आणि दरवाढ किती धरली, हे त्याच्याखाली दोन ओळींत लिहिलेलं असावं. असा तक्ता करायला अभियंत्याला संगणकावर अर्धा तास लागतो. तो अहवालात नसेल, तर मंजुरीआधी मागून घ्यावा, कारण एकदा चर बुजवला की ६ किलोमीटरचा पाइप पुन्हा कुणी उकरत नाही.